बजेट फ्रीझमुळे जागा थांबली, हे उमेदवाराला कसे सांगावे: नव्या रिक्रूटरसाठी

भरती विभागात नव्याने रुजू झालेल्या रिक्रूटरकडे पहिल्या वर्षभरातच केव्हातरी फायनान्सचा दोन ओळींचा मेल येतो: नवीन भरती पुढील सूचनेपर्यंत थांबवण्यात येत आहे. त्या वेळी हातातल्या काही जागांसाठी अजून बायोडेटाच गोळा होत असतात, काहींच्या मुलाखती चालू असतात आणि एखाद्या जागेचा उमेदवार सगळ्या फेऱ्या पार करून, पगाराचे बोलणेही संपवून, केवळ ऑफर लेटरची वाट पाहत असतो. हा लेख मुख्यतः या शेवटच्या उमेदवाराविषयी आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याचे होऊ शकते. आपल्याकडे आयटी आणि सेवा क्षेत्रात ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. तोंडी होकारावर विसंबून राजीनामा देणारे उमेदवार कमी नाहीत आणि एकदा दिलेला राजीनामा परत घेता येईल की नाही, हे बहुतेक वेळा जुन्या कंपनीच्या मर्जीवर राहते. म्हणूनच ‘जागा थांबली आहे’ हे वाक्य त्याच्यापर्यंत कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दांत पोहोचते, यावर त्याचे पुढचे सहा महिने ठरतात.

फोन करण्याआधी: नेमके काय थांबले आहे?

‘फ्रीझ’ हा एकच शब्द कंपनीत निदान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. जागा मंजूर आहे, पण ती भरण्याची तारीख पुढे गेली आहे, ही पहिली स्थिती. जागेची मंजुरीच काढून घेतली आहे आणि ती परत हवी असेल तर नव्याने मागावी लागेल, ही दुसरी. तिसऱ्या स्थितीत केवळ नव्या जागा थांबलेल्या असतात आणि कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झालेली, म्हणजे रिप्लेसमेंटची जागा भरायला परवानगी असते. अॅमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्यालयीन भरती थांबवली तेव्हा नव्या वाढीव जागा थांबवल्या होत्या, पण सोडून जाणाऱ्यांच्या बदल्यात माणसे घेणे चालू राहील, असे कर्मचाऱ्यांना कळवले होते. हा फरक कळल्याशिवाय फोन उचलला, तर आपण उमेदवाराला ‘होल्ड’ सांगतो आणि ती जागा कागदोपत्री केव्हाच रद्द झालेली असते.

त्यामुळे आपल्या मॅनेजरला, आणि शक्य असेल तर त्या विभागाच्या एचआर बिझनेस पार्टनरला, चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मेलवर घ्यावीत. ही जागा नवी आहे की रिप्लेसमेंट? तिचा रिक्विझिशन सिस्टीममध्ये होल्डवर आहे की बंद केला आहे? पुन्हा विचार होण्याची तारीख ठरलेली आहे का, आणि ती कोण ठरवणार? उमेदवाराला यातले काय सांगण्याची मला परवानगी आहे?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे. भारतीय कंपनीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या फ्रीझबद्दल ‘एप्रिलमध्ये सुटेल’ असे सगळेच म्हणतात. परंतु एप्रिलमध्ये नवे बजेट लागू होणे आणि त्या बजेटमध्ये आपली जागा असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पुण्यातल्या कित्येक परदेशी कंपन्यांच्या केंद्रांचे बजेट मुख्यालयाच्या वर्षाप्रमाणे, बऱ्याचदा जानेवारी ते डिसेंबर, चालते. तिथे एप्रिलला काहीच अर्थ नसतो. कोणीतरी कॅन्टीनमध्ये सांगितलेली तारीख ही तारीख नव्हे. ज्याच्याकडे मंजुरीचा अधिकार आहे त्याने लेखी दिली असेल, तरच ती उमेदवारासमोर उच्चारावी.

कोणाला आधी कळवायचे

उत्तरे हातात आली की उमेदवारांची यादी काढून ज्याला उशिराचा सर्वाधिक फटका बसेल त्याला सर्वांत आधी फोन करावा. ज्याने राजीनामा दिला आहे किंवा आजउद्या देणार आहे तो पहिला, ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे आणि उत्तराची मुदत जवळ आली आहे तो दुसरा, आणि ज्याची मुलाखत उद्यावर आली आहे, ज्याने त्यासाठी रजा टाकली आहे, तो तिसरा. ज्यांचा फक्त बायोडेटा आपल्याकडे आहे त्यांना दोन-तीन दिवसांत साधा मेल गेला तरी पुरतो.

पहिल्या दोन गटांना त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळले पाहिजे. इथे नव्या रिक्रूटरच्या मनात एक विचार हमखास येतो: कदाचित चार दिवसांत फ्रीझ उठेल, मग उगाच घाबरवायचे कशाला? हा विचार ऐकायला काळजीचा वाटतो, पण त्यात चार दिवसांचा धोका उमेदवाराच्या माथी मारला जातो, आणि तोही त्याला न विचारता. फ्रीझ खरोखर चार दिवसांत उठला तर दुसरा फोन करून आनंदाची बातमी देता येते. त्याने मधल्या काळात राजीनामा दिला तर मात्र आपल्या हातात करण्यासारखे काही उरत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत सहा वर्षे अनुभवाची एक टेस्टिंग इंजिनिअर निवडली गेली आहे. तिचा सध्याचा सीटीसी ११ लाख आहे, आपल्याकडे १४.५ लाखांवर बोलणे झाले आहे आणि ऑफर लेटर ‘या आठवड्यात’ येईल असे आपणच तिला सांगितले आहे. तिचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. दुसऱ्या एका कंपनीने तिला १३.२ लाखांची लेखी ऑफर दिली आहे आणि तिचे उत्तर शुक्रवारी, २० फेब्रुवारीपर्यंत हवे आहे. बुधवारी, १८ फेब्रुवारीला दुपारी फ्रीझचा मेल येतो. चौकशीअंती कळते की जागा नवी आहे, रिक्विझिशन होल्डवर टाकला आहे आणि विभागप्रमुख एप्रिलच्या मध्याला जागांचा पुन्हा आढावा घेणार आहेत. मंजुरी मिळेलच असे कोणी म्हटलेले नाही.

आता तिच्या बाजूने कॅलेंडर मांडून पाहू. दुसरी ऑफर घेऊन तिने २० फेब्रुवारीला राजीनामा दिला, तर ९० दिवस २१ मेच्या सुमारास पूर्ण होतात. आपल्यासाठी थांबली, तर सगळे सुरळीत झाले तरी एप्रिलच्या मध्याला आढावा, मग मंजुरी, मग रिक्विझिशन पुन्हा उघडणे आणि पगाराची नव्याने संमती, असे करत ऑफर लेटर मेच्या पहिल्या आठवड्याआधी निघत नाही. ४ मेला तिने राजीनामा दिला, तर ती २ ऑगस्टच्या सुमारास मोकळी होते. म्हणजे ‘एप्रिलमध्ये सुटेल’ या वाक्याचा तिच्यासाठीचा खरा अर्थ ‘जमलेच तर नवा पगार ऑगस्टपासून’ असा आहे. हा हिशेब फोन करण्यापूर्वी कागदावर मांडून ठेवावा, कारण बातमी ऐकताच उमेदवाराला तो सुचत नाही आणि तो मांडून देणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ नसते.

फोनवर काय बोलावे

बातमी फोनवरच द्यावी. मेल आणि व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारता येत नाहीत, आणि इथे प्रश्न विचारता येणे हाच मुख्य मुद्दा आहे. उमेदवार ऑफिसात असण्याची शक्यता धरून आधी बोलायला मोकळीक आहे का ते विचारावे, पण हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात करू नये. रिक्रूटरचा आनंदी आवाज ऐकला की समोरची व्यक्ती ऑफर लेटर निघाले असे समजते आणि पुढचे वाक्य दुप्पट लागते. पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी या क्रमाने आल्या पाहिजेत: काय झाले, त्याचा तिच्यासाठी अर्थ काय, आणि आज तिने काय करू नये.

“नमस्कार, दोन-चार मिनिटं बाजूला येऊन बोलता येईल का? बातमी चांगली नाही, म्हणून सरळ सांगते. कंपनीने आज दुपारी नवीन भरती थांबवली आहे आणि त्यात तुमची जागाही आहे. त्यामुळे ऑफर लेटर या आठवड्यात येणार नाही, आणि पुढे येईलच असं मी आज सांगू शकत नाही. तुम्ही अजून राजीनामा दिला नसेल, तर आमच्या भरवशावर कृपया देऊ नका.”

एवढे बोलून थांबावे. ही शांतता नव्या रिक्रूटरला सहन होत नाही आणि तो ती भरून काढायला ‘पण काळजी करू नका, तुमची प्रोफाइल सगळ्यांना खूप आवडली आहे, आम्ही प्रयत्न करतोय’ असे काहीतरी बोलून जातो. त्यातला ‘काळजी करू नका’ एवढाच भाग उमेदवाराच्या लक्षात राहतो आणि वर सांगितलेल्या सगळ्याचे मोल जाते. निवड गुणवत्तेवर झाली होती आणि तिच्या मुलाखतीत काही कमी नव्हते, हे अवश्य सांगावे. पण ते तिने बातमी पूर्ण ऐकल्यानंतर आणि एका वाक्यात सांगावे.

समोरून बहुधा असे काहीतरी येते: “मॅडम, मी तर कालच घरी सांगितलं. मग आता मी थांबू का?”

या प्रश्नाचे उत्तर देताना रिक्रूटरची खरी परीक्षा होते. हायरिंग मॅनेजरला हा उमेदवार हातचा जाऊ द्यायचा नसतो आणि त्याने आपल्याला ‘थोडं धरून ठेवा’ असे सांगितलेले असते. आपल्याही डोक्यावर महिन्याच्या जॉइनिंगचा आकडा असतो. माझे स्पष्ट मत असे की, ज्या गोष्टीची लेखी खात्री आपल्याकडे नाही तिच्यासाठी थांबायला आपण कोणालाही सांगू नये, मॅनेजरने सांगितले तरीही. उत्तर असे देता येते: “आमच्यासाठी थांबा असं मी म्हणणार नाही. आढावा एप्रिलच्या मध्याला आहे. तेव्हा मंजुरी मिळाली, तरी तुमचा नोटीस पिरियड धरून रुजू व्हायला ऑगस्ट उजाडेल. मिळाली नाही, तर मात्र हातातली ऑफरही गेलेली असेल. ती नोकरी तुम्हाला पटत असेल, तर आमच्याकडे पाहून ती सोडू नका.” निर्णय तिचाच राहतो, पगारातला १.३ लाखांचा फरक, घरापासूनचे अंतर, कामाचे स्वरूप हे सगळे तीच तोलणार आहे. आपण फक्त आपल्या बाजूची माहिती पूर्ण दिली पाहिजे.

आणखी दोन प्रश्न हमखास येतात. ‘मी थोड्या कमी पगारात यायला तयार आहे, मग होईल का?’ असे कोणी विचारले, तर तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणावे, कारण फ्रीझमध्ये जागाच थांबलेली असते आणि पगार कमी केल्याने ती उघडत नाही. ‘विचारून बघते’ असे म्हटले, तर आपण घाबरलेल्या माणसाकडून विनाकारण सवलत घेऊन ठेवतो आणि पुढे जागा उघडल्यावर तोच कमी आकडा त्याच्या गळ्यात पडतो. दुसरा प्रश्न असतो, ‘कंपनीत काही गडबड आहे का, लोकांना काढणार आहेत का?’ इथे आपल्याला माहीत असलेले सगळे सांगता येत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर जाहीर न झालेली आर्थिक माहिती बाहेर बोलणे कायद्यातही अडकू शकते. पण सांगता येत नाही म्हणून ‘सगळं उत्तम आहे’ असेही म्हणू नये. ‘कारण बजेटचं आहे, एवढं मी खात्रीने सांगते. त्यापलीकडच्या गोष्टींबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही’ हे वाक्य पुरेसे प्रामाणिक आहे, आणि उमेदवार ते समजून घेतात.

त्याच दिवशीचा मेल

फोन संपल्यावर तासाभरात मेल जावा. धक्क्यात ऐकलेले शब्द नीट लक्षात राहत नाहीत, आणि त्याच संध्याकाळी उमेदवाराला हे घरी समजावून सांगायचे असते. भाषा कंपनीच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी असली तरी मजकूर असा असावा:

> आज फोनवर बोलल्याप्रमाणे, कंपनीने नवीन भरती थांबवल्यामुळे आपली निवड झालेली जागा १८ फेब्रुवारीपासून होल्डवर आहे. या जागेसाठी आपल्याला ऑफर लेटर देण्यात आलेले नाही आणि ते कधी देता येईल याची तारीख आज उपलब्ध नाही. जागांचा आढावा एप्रिलच्या मध्यात अपेक्षित आहे. त्यात मंजुरी मिळेलच असे नाही. कृपया या जागेवर विसंबून राजीनामा देऊ नये किंवा अन्य ऑफर नाकारू नये. निर्णय काहीही झाला तरी २० एप्रिलपर्यंत मी आपल्याला फोन करून कळवेन.

मेलमध्ये ‘अंतर्गत प्रक्रिया सुरू आहे’, ‘तात्पुरता विलंब’, ‘लवकरच’ यांपैकी काहीही नसावे. हे शब्द लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटतात, पण वाचणारा त्यांचा अर्थ स्वतःच्या आशेप्रमाणे लावतो. काही कंपन्यांत असा मेल पाठवण्यापूर्वी मॅनेजरची संमती लागते. ती फोन करण्यापूर्वीच घेऊन ठेवावी, नाहीतर मेल दोन दिवस अडकतो आणि दुसऱ्या ऑफरची मुदत निघून जाते.

फोननंतर बिघडते ते इथे

फोन नीट झाला तरी पुढच्या आठवड्यात खोटे पडण्याची वेळ येऊ शकते, आणि ती बहुतेकदा आपल्याच घरातून येते. नोकरीच्या पोर्टलवर आणि कंपनीच्या करिअर पानावर ती जाहिरात तशीच झळकत राहते. उमेदवार ती पाहतो आणि त्याची खात्री पटते की फ्रीझ हे निमित्त होते, प्रत्यक्षात दुसऱ्या कोणाला घ्यायचे आहे. जाहिरात उतरवणे हे काम फोनच्या दिवशीच संपवावे. त्याच पदनामाची रिप्लेसमेंटची जागा खरोखर चालू असेल, तर ते उमेदवाराला आधीच सांगावे आणि तिचा त्या जागेसाठी विचार होऊ शकतो का, हे मॅनेजरला विचारून घ्यावे.

दुसरी गडबड हायरिंग मॅनेजरकडून होते. तो सद्भावनेने व्हॉट्सअॅपवर लिहितो, ‘थोडे दिवस थांबा, मी करून घेतो.’ त्याला वरिष्ठांकडून काही कळलेले असेलही, पण उमेदवाराकडे आता दोन परस्परविरोधी निरोप असतात आणि साहजिकच ती गोड निरोपावर विश्वास ठेवते. म्हणून उमेदवाराला काय सांगितले आहे, तो मेल मॅनेजरलाही पाठवावा आणि ‘आपल्याकडून काही कळवायचे असल्यास आधी माझ्याशी बोलावे’ अशी विनंती करावी. उमेदवार कन्सल्टन्सीमार्फत आला असेल, तर तिथेही हाच मजकूर जायला हवा. कन्सल्टन्सीला पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, त्यामुळे त्यांचा कल त्याला आशेवर ठेवण्याकडे असणे स्वाभाविक आहे. मात्र उमेदवाराला पहिला फोन कोण करणार, हे त्यांच्याशी ठरवून मगच करावा.

आणि एक गोष्ट कधीही करू नये: मुलाखतीत न निवडलेल्या उमेदवाराला ‘जागा होल्डवर गेली’ असे सांगणे. नकार देणे जड जाते म्हणून ही सबब बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. त्यामुळे खरा फ्रीझ आला तरी उमेदवार त्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि नाकारलेला माणूस महिनोन्‌महिने फोन करत राहतो.

ऑफर लेटर निघून गेले असेल तर

ऑफर लेटर दिले आहे, उमेदवाराने ते स्वीकारले आहे आणि राजीनामाही दिला आहे, अशा वेळी वरचा मेल आपण एकट्याने पाठवू नये. पत्रातल्या अटींप्रमाणे कंपनीवर कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, आणि तिचा निर्णय एचआर प्रमुख व कायदा विभागाने घ्यायचा असतो. जून २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी कंपनीने स्वीकारलेल्या ऑफर ईमेलने मागे घेतल्या, तेव्हा जुनी नोकरी सोडून बसलेली माणसे अडचणीत आली आणि कंपनीवर जाहीर टीका झाली. आपले काम इथे वेगळे आहे. उमेदवाराचा राजीनाम्याचा दिनांक, शेवटचा कामाचा दिवस आणि जुन्या कंपनीने राजीनामा स्वीकारला आहे का, ही माहिती त्याच दिवशी गोळा करून वरिष्ठांपुढे ठेवावी आणि निर्णय एक-दोन दिवसांत मागावा. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणे, समूहातल्या दुसऱ्या विभागात घेणे, काही भरपाई देणे, असे पर्याय कंपनीकडे असतात. उमेदवाराला जुन्या ठिकाणी राजीनामा मागे घेता येण्याची शक्यता असेल, तर ती पहिल्या काही दिवसांतच असते. त्याच्या जागी दुसरा माणूस ठरला की ती संपते. हे वरिष्ठांना ठामपणे सांगणारे आपल्याशिवाय कोणी नसते.

दिलेली तारीख आली की

२० एप्रिल म्हटले असेल, तर काहीही ठरलेले नसले तरी २० एप्रिलला फोन करावा. ‘अजून निर्णय नाही, पुढचा आढावा अमुक तारखेला आहे’ एवढे सांगितले तरी चालते, पण अशी मुदत दोनदा पुढे गेली, तर तिसऱ्यांदा तारीख देऊ नये. जागा आपल्या दृष्टीने संपली असे सांगून उमेदवाराला मोकळे करावे, आणि पुढे कधी संपर्क केलेला चालेल का, बायोडेटा आपल्याकडे ठेवलेला चालेल का, हे विचारून घ्यावे.

जागा उघडली, तर जुने बोलणे जसेच्या तसे लागू आहे असे गृहीत धरू नये. १४.५ लाखांची संमती जुन्या बजेटमधली होती. नव्या बजेटमध्ये तोच आकडा आहे का, पद आणि कामाचे ठिकाण तेच आहे का, हे फायनान्सकडून लेखी आल्यावरच उमेदवाराला फोन करावा. त्या फोनवर तिची आजची परिस्थिती आधी विचारावी, कारण तोपर्यंत ती दुसरीकडे नोटीसवर असू शकते किंवा तिला पगारवाढ मिळालेली असू शकते. आणि या वेळीही ‘सही केलेले ऑफर लेटर तुमच्या हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका’ हे वाक्य तिने न विचारता आपणच म्हणावे.